अपिलातल्या तोंडी युक्तिवादाच्या ट्रान्सक्रिप्टचा सारांश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिलीत नव्याने आलेली मुलं-मुली आणि न्यायालयीन बातम्या लिहिणारे मित्र हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. बहुतेक उत्तरांसाठी मी एकच प्रकरण घेतलं आहे. ते म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातलं ‘सिटिझन्स युनायटेड विरुद्ध फेडरल इलेक्शन कमिशन’. त्याची सुनावणी सुमारे साडेपाच महिन्यांच्या अंतराने दोनदा झाली. दोन्ही सुनावण्यांत खंडपीठाने जवळपास तोच प्रश्न विचारला, सरकारी वकिलांची उत्तरं मात्र वेगळी आली, आणि त्यातल्या एका उत्तराची पानं पुढे निकालपत्रातही उद्धृत झाली. सारांश कुठे घसरतो हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. जिथे आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, तिथे भारतातली उदाहरणं दिली आहेत.

1. निकालाचा सारांश मी करू शकतो. युक्तिवादाचा सारांश त्याहून वेगळा का करायचा?

निकालपत्रात न्यायालय स्वतःचं मत सांगतं, त्याला क्रम असतो आणि निष्कर्ष असतो. ट्रान्सक्रिप्टमध्ये अजून कुणाचंच मत ठरलेलं नसतं. न्यायमूर्ती चाचपडत असतात, वकील सावरत असतात, आणि महत्त्वाचं वाक्य अनेकदा अर्ध्यावर तुटतं. त्यामुळे या सारांशातून वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कुठल्या मुद्द्यावर खंडपीठ अडलं, वकिलाने तिथे काय उत्तर दिलं, आणि त्या उत्तरात त्याने आपल्या बाजूचं काही सोडलं का. वकिलाने मांडलेला बाकीचा बराचसा मजकूर लेखी निवेदनात आधीच आलेला असतो. तो पुन्हा उतरवला तर पानं भरतात आणि हाती काही लागत नाही.

2. वाचायला सुरुवात कुठून करू? पहिल्या पानापासून वाचलं की डोकं गरगरतं.

आधी ज्या निकालाविरुद्ध अपील आहे तो वाचा, आणि अपिलातला प्रश्न एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहून समोर ठेवा. सिटिझन्स युनायटेडमध्ये ते वाक्य साधारण असं होईल: एका ना-नफा संस्थेने हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा चित्रपट काढला, प्राथमिक निवडणुकीआधीच्या 30 दिवसांत तो मागणीनुसार टीव्हीवर दाखवण्यासाठी संस्थेने स्वतःच्या सर्वसाधारण निधीतून खर्च करायला कायद्याने असलेली मनाई तिला लागू होते का?

हे वाक्य समोर असलं की कुठला प्रश्न मूळ वादाचा आणि कुठला आडवाटेचा, हे लगेच कळतं.

त्यानंतर मी अपीलकर्त्याच्या वकिलाचं शेवटचं प्रत्युत्तर वाचतो. तिथे वेळ थोडा असतो, त्यामुळे वकील फक्त आपल्याला जिथे खरी दुखापत झाली त्याच जागी जातो. त्या जागा कळल्या की मग पहिल्या पानापासून सलग वाचायचं.

3. ट्रान्सक्रिप्टमधल्या खुणा कशा वाचायच्या?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रत्येक पानाच्या कडेला ओळींचे क्रमांक असतात. म्हणून संदर्भ देताना पान आणि ओळ दोन्ही द्या. वाक्याच्या शेवटी दोन आडव्या रेघा असतील तर बोलणाऱ्याला मध्येच तोडलं आहे. त्या रेघांना फार जपा. तुटलेलं वाक्य आपल्या मनाने पूर्ण करून सारांशात घातलं, तर वकिलाच्या तोंडी न बोललेलं वाक्य जातं. कंसात हशा नोंदलेला असेल तर ते उत्तर गंभीर होतं का, हे ध्वनिमुद्रण ऐकून ठरवा.

तिथल्या जुन्या ट्रान्सक्रिप्टमध्ये न्यायमूर्तीचं नाव न देता नुसतं ‘प्रश्न’ असं लिहिलेलं असे. 2004 च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या सत्रापासून नावं येऊ लागली. त्याआधीचं प्रकरण असेल तर आवाज ओळखता आल्याशिवाय प्रश्न कुणाच्याही नावावर टाकू नका, ‘खंडपीठ’ असं लिहा.

4. खंडपीठाचा प्रत्येक प्रश्न नोंदवायचा का?

नाही. नोंद प्रश्नाची न ठेवता साखळीची ठेवावी. एकच काळजी तीन न्यायमूर्ती तीन वेगळ्या शब्दांत मांडतात, तेव्हा ती एक साखळी असते.

24 मार्च 2009 च्या सुनावणीत सरकारच्या बाजूने डेप्युटी सॉलिसिटर जनरल माल्कम स्टुअर्ट उभे होते. न्यायमूर्ती अ‍ॅलिटो यांनी विचारलं, की हा कायदा प्रक्षेपणापुरता आहे, पण राज्यघटनेमुळे तो तिथेच थांबवावा लागतो का? इतर माध्यमांनाही तो लावता आला असता, असं स्टुअर्ट म्हणाले. अ‍ॅलिटो यांना ते अविश्वसनीय वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. मग ते पुस्तकावर आले. न्यायमूर्ती केनेडी यांनी किंडलबद्दल विचारलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी 500 पानांचं पुस्तक आणि शेवटी ‘अमक्याला मत द्या’ एवढं एकच वाक्य, असं उदाहरण घातलं.

वरवर पाहिलं तर हे चार-पाच प्रश्न आहेत, पण काळजी एकच आहे: सरकारचा युक्तिवाद मान्य केला तर तो नेमका कुठे थांबतो? सारांशात ही काळजी एका ओळीत लिहा, खाली कुणी कुठलं उदाहरण घातलं ते थोडक्यात द्या, आणि साखळी कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत चालते ते द्या. माहिती विचारणारे सुटे प्रश्न (तारीख कुठली, कागद कुठल्या पानावर आहे) सोडून दिले तरी चालतात. त्याच तारखेवर पुढे वाद झाला असेल तर मात्र ठेवा.

5. वकिलाने मुद्दा ‘मान्य केला’ असं नेमकं कधी लिहायचं?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे उत्तर लांब आहे. आधी शब्दाबद्दल एक सूचना. ‘कबुली’ हा शब्द टाळा. न्यायालयाच्या भाषेत त्याला कबुलीजबाबाचा वास आहे. ‘मान्य केलं’ किंवा ‘मुद्दा सोडला’ असं लिहा. बार रूममध्ये सगळे ‘कन्सीड केलं’ म्हणतात, तेही चालेल.

त्या मार्चच्या सुनावणीचा सारांश म्हणून ‘सरकारला पुस्तकांवर बंदी घालता येईल असं सरकारी वकिलाने मान्य केलं’ हे वाक्य जगभर पसरलं. आता ट्रान्सक्रिप्ट पाहा. अशा पुस्तकावर बंदी घालता येईल का, असं अ‍ॅलिटो यांनी विचारल्यावर स्टुअर्ट यांनी ‘बंदी’ हा शब्द घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं होतं, की कंपनीने आपला सर्वसाधारण निधी त्यासाठी वापरायला काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद मनाई करू शकेल, आणि कंपनीला ते वेगळ्या राजकीय निधीतून काढावं लागेल. पुढे रॉबर्ट्स यांच्या प्रश्नांनंतरही, कंपनीच्या निधीतून पुस्तकाचं प्रकाशन करायला मनाई करता येईल, असंच त्यांचं उत्तर राहिलं.

म्हणजे त्यांनी काहीच सोडलं नाही का? सोडलं, आणि मोठं सोडलं. घटनेच्या दृष्टीने पुस्तक हे माध्यम या मनाईच्या बाहेर नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण त्या मान्यतेला पैशाच्या उगमाची अट होती. ‘बंदी’ हा शब्द न्यायमूर्तींचा होता आणि वकिलाने तो नाकारला होता. प्रश्नातला शब्द उत्तरात ढकलला की सारांश खोटा होतो.

म्हणून ‘मान्य’ लिहिण्याआधी मी तीन गोष्टी तपासतो. शब्द वकिलाचा आहे की खंडपीठाचा? उत्तराला अट जोडलेली आहे का, आणि ती अट माझ्या वाक्यात आली आहे का? आणि हे उत्तर खऱ्या वस्तुस्थितीबद्दल आहे, चालू कायद्याबद्दल आहे, की काल्पनिक उदाहरणाबद्दल? स्टुअर्ट यांचं उत्तर तिसऱ्या प्रकारचं होतं.

नोंद अशी दिसेल:

*मान्य केलं (काल्पनिक उदाहरणावर, अटीसह): प्रक्षेपणाला लागू असलेली मनाई काँग्रेसला पुस्तकांनाही लावता आली असती, पण ती कंपनीच्या सर्वसाधारण निधीच्या वापरापुरती. ‘बंदी’ हा शब्द वकिलांनी नाकारला. विचारणारे: अ‍ॅलिटो, नंतर रॉबर्ट्स.*

6. ‘वादापुरतं धरून चालू’ असं वकील म्हणाला तर तो मुद्दा गेला का?

नाही. ‘हे खरं मानलं तरी आमचंच म्हणणं टिकतं’ असं म्हणणारा वकील काहीही सोडत नाही. सारांशात ‘वादापुरतं गृहीत धरून’ हे शब्द तसेच ठेवा. अडचण पुढे येते. दहा मिनिटांनी तोच वकील ते गृहीतक विसरून पक्क्या वस्तुस्थितीसारखं बोलू लागतो. तसं झालं तर दोन्ही जागांची पानं द्या आणि ‘नंतर बिनशर्त’ असं शेजारी लिहा. निर्णय वाचणाऱ्यावर सोडा.

7. पुढच्या सुनावणीत उत्तर बदललं तर आधीची नोंद खोडायची का?

खोडू नका. बदल हीच बातमी असते. जून 2009 मध्ये न्यायालयाने निकाल न देता फेरसुनावणी ठेवली, आणि कंपन्यांच्या निवडणूक खर्चावरची अशी मनाई वैध ठरवणारा 1990 चा ‘ऑस्टिन’ निकाल व 2003 च्या ‘मॅककॉनेल’ निकालाचा संबंधित भाग रद्द करावा का, यावर बाजू मांडायला सांगितलं. 9 सप्टेंबरला सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल एलेना केगन आल्या. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी मागच्या वेळच्या उत्तराची आठवण करून दिली आणि सरकारचं उत्तर अजूनही तेच आहे का, असं विचारलं. सरकारचं उत्तर बदललं आहे, असं केगन यांनी सरळ सांगितलं.

पण बदललं म्हणजे किती, हे पुढच्या दोन-तीन वाक्यांत आहे, आणि घाईत लिहिणारे तिथपर्यंत पोहोचत नाहीत. केगन यांच्या मते वादातलं कलम पुस्तकांना लागूच नव्हतं. कायद्याचं दुसरं, व्यापक कलम शब्दशः पाहिलं तर पुस्तकांना लागू पडतं, पण तसं कुणी लावायला गेलं तर त्या विशिष्ट वापराला चांगलं आव्हान देता येईल. पुढे रॉबर्ट्स यांनी पत्रकांबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, की पत्रकाची गोष्ट वेगळी, पत्रक म्हणजे अगदी ठरलेलं प्रचारसाहित्य. म्हणजे पुस्तकावरून सरकार मागे आलं आणि पत्रकावर उभं राहिलं.

21 जानेवारी 2010 च्या निकालात बहुमताने (5 विरुद्ध 4) नेमकं हे पुस्तकाबद्दलचं उत्तर 9 सप्टेंबरच्या ट्रान्सक्रिप्टच्या पान 65 चा संदर्भ देऊन उद्धृत केलं आणि ते पुरेसं नाही असं ठरवलं. ज्या सारांशात फक्त ‘सरकारने भूमिका बदलली’ एवढंच असेल, तो वाचून निकालातला हा भाग कळणारच नाही.

8. वकिलाने एखाद्या मुद्द्याचा बचावच केला नाही. ते मान्य करणं झालं का?

याचं उत्तर त्याच निकालात सापडतं. ऑस्टिनचा मूळ आधार असा होता, की कंपन्यांकडे साचलेल्या पैशामुळे निवडणुकीतल्या चर्चेचा तोल बिघडतो. फेरसुनावणीत केगन यांनी भर दिला तो भ्रष्टाचार रोखणं आणि भागधारकांचं संरक्षण या दुसऱ्या कारणांवर. निकालपत्राने पान 45 ते 48 चा हवाला देत लिहिलं, की या आधाराचा सरकारने फारसा बचाव केला नाही. ‘सरकारने मान्य केलं’ असं न्यायालयानेही लिहिलं नाही.

तुमच्या सारांशातही हे वेगळ्या रकान्यात जाऊ द्या: ‘बचाव केला नाही’. मात्र एवढं लिहिण्याआधी लेखी निवेदन उघडून पाहा. तिथे तो मुद्दा सविस्तर असेल आणि तोंडी वेळ मिळाला नसेल, तर ते ‘लेखीवर अवलंबून राहिले’ असं होतं.

9. आपल्याकडे वकील सतत ‘ऑब्लाइज्ड’, ‘अ‍ॅज युअर लॉर्डशिप्स प्लीज’ म्हणतात. त्याची नोंद कशी घ्यायची?

ते शिष्टाचाराचे शब्द आहेत, त्यातून काहीच मान्य होत नाही. मी नवखा असताना एका टिपणात अशाच ‘प्लीज’ला ‘मुद्दा मान्य’ लिहिलं होतं. सीनियरांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि फक्त पुढची ओळ वाचायला सांगितली. पुढच्या ओळीत वकील तोच मुद्दा पुन्हा मांडत होते.

‘मी हा मुद्दा प्रेस करत नाही’ हे मात्र खरं सोडणं आहे. तरी त्यातही ‘या टप्प्यावर’ किंवा ‘या अपिलापुरता’ असे शब्द जोडलेले असतात का, ते पाहा. ‘सूचना घेऊन सांगतो’ म्हणजे अजून उत्तरच आलेलं नाही. अशी वाक्यं ‘प्रलंबित’ म्हणून वेगळी काढा आणि दुसऱ्या दिवशीच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये त्यांचं काय झालं ते शोधा. बहुतेकदा ते शोधायचंच राहून जातं.

10. वकिलाने मान्य केलेलं पक्षकारावर बंधनकारक असतं का? सारांशात तसं लिहू का?

सारांशात लिहू नका, कारण तो पुढचा कायदेशीर प्रश्न आहे. पण नोंद कशी ठेवायची हे कळावं म्हणून फरक माहीत हवा. कायद्याच्या मुद्द्यावर वकिलाने चुकून दिलेली मान्यता पक्षकाराला बांधत नाही, ही आपल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे (उदाहरणार्थ 1998 चा ‘उप्ट्रॉन इंडिया विरुद्ध शम्मी भान’). वस्तुस्थितीबद्दलचं विधान जास्त जड असतं. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ‘कायदा’ की ‘वस्तुस्थिती’ हे लिहा.

वकील खरंच असं बोलले होते का, यावरच वाद झाला तर? इथे महाराष्ट्रातलं प्रकरण आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक’ (1982) हे अंतुले यांच्यावरील खटल्याच्या परवानगीतून आलं. मुख्यमंत्र्यांवर खटल्याची परवानगी देताना राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा, हे मुंबई उच्च न्यायालयात मान्य केल्याची नोंद निकालपत्रात होती. सर्वोच्च न्यायालयात ते नाकारायचा प्रयत्न झाला. सुनावणीत काय घडलं याबद्दल निकालपत्रातली नोंद अंतिम मानायची, चूक वाटत असेल तर आठवण ताजी असताना त्याच न्यायमूर्तींकडे जायचं, असं न्यायालयाने ठरवलं. त्या काळी ट्रान्सक्रिप्ट नव्हतं. आज असलं, तरी तुमचा सारांश आणि निकालपत्रातली नोंद जुळत नसेल तर ती तफावत ताबडतोब सीनियरांना सांगा, कारण दुरुस्तीची मुदत व्यवहारात फार थोडी असते.

11. एकाच बाजूला पाच वकील उभे आहेत. एकाने मान्य केलेलं सगळ्यांच्या नावावर टाकायचं का?

अजिबात नाही. प्रत्येक नोंदीत वकिलाचं नाव आणि तो कुणासाठी उभा आहे हे हवंच. सिटिझन्स युनायटेडच्या फेरसुनावणीत कायद्याच्या समर्थनार्थ केगन यांच्याशिवाय सेथ वॅक्समनही बोलले. ते सिनेटर मॅकेन आदींच्या वतीने आले होते, सरकारच्या वतीने नव्हे.

आपल्याकडे याहून गुंतागुंत होते. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या अल्पसंख्याक दर्जाबद्दलच्या अपिलात जानेवारी 2024 मध्ये केंद्राचे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी विद्यापीठाच्या कायद्यातली 1981 ची दुरुस्ती आपण मान्य करत नाही असं सांगितलं. संसदेने केलेली दुरुस्ती केंद्राचा कायदा अधिकारी कशी नाकारू शकतो, असं सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी विचारलं. याला ‘मान्य केलं’ म्हणता येत नाही. पक्षकाराच्याच कायद्यापासून अंतर ठेवण्याचा हा प्रकार आहे. तो त्याच शब्दांत, प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून लिहावा.

12. खंडपीठाच्या प्रश्नांवरून निकालाचा अंदाज शेवटी लिहू का? संपादक मागतात.

सारांशात नको. हवा असेल तर वेगळ्या मथळ्याखाली, स्वतःच्या नावाने लिहा. न्यायमूर्ती अनेकदा ज्या बाजूकडे झुकलेले असतात तिलाच कठीण प्रश्न विचारतात, कारण निकाल लिहिताना तीच भोकं त्यांना बुजवायची असतात. अलिगढच्या अपिलातही आठ दिवसांच्या सुनावणीत विद्यापीठाच्या अल्पसंख्याक दर्जावर भरपूर प्रश्न झाले. 8 नोव्हेंबर 2024 ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने 4 विरुद्ध 3 बहुमताने विद्यापीठाला हा दर्जा नाकारणारा ‘अझीझ बाशा’ हा 1967 चा निकाल मोडीत काढला, पण विद्यापीठाचा दर्जा स्वतः न ठरवता तो नेहमीच्या पीठाकडे सोपवला. प्रश्न मोजून हे कुणाला सांगता आलं नसतं.

13. भारतातल्या ट्रान्सक्रिप्टवर किती विसंबायचं?

सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी 2023 मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून घटनापीठाच्या युक्तिवादाचं ट्रान्सक्रिप्ट मिळू लागलं. बोललेलं यंत्राने टिपलेलं असल्यामुळे खटल्यांची नावं, कलमांचे क्रमांक आणि एकाच वेळी दोघे बोललेले तुकडे यांत चुका निघतात. ‘नाही’ गळलं की उत्तर उलटं होतं. म्हणून ‘मान्य केलं’च्या प्रत्येक नोंदीसाठी त्या दिवसाचं चित्रीकरण लावून तेवढी दोन मिनिटं ऐका. न ऐकता आली तर ‘ट्रान्सक्रिप्टनुसार’ असं लिहा.

14. खालच्या न्यायालयात सोडलेला मुद्दा अपिलात पुन्हा आला. सारांशात कुठे टाकू?

सुरुवातीलाच, पार्श्वभूमीत. सिटिझन्स युनायटेडने संपूर्ण कलमालाच दिलेलं आव्हान जिल्हा न्यायालयात स्वतःच मागे घेतलं होतं. तरी सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी ठेवून तो प्रश्न हाती घेतला, आणि न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या असहमतीच्या मतातला मोठा आक्षेप हाच होता. सप्टेंबरच्या ट्रान्सक्रिप्टचा सारांश करताना ही एक ओळ वर नसेल, तर त्या दिवशी सगळे ऑस्टिनबद्दल का भांडत आहेत हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

15. सारांश किती लांब असावा?

एका तासाच्या युक्तिवादाला दोन ते तीन पानं पुरतात. पहिल्या अर्ध्या पानात अपिलाचा प्रश्न आणि पार्श्वभूमी, मग साखळ्या (प्रश्न 4), आणि शेवटी स्वतंत्र तक्ता: मान्य केलं, वादापुरतं गृहीत धरलं, बचाव केला नाही, प्रलंबित. तक्त्यातली प्रत्येक ओळ पान-ओळीसह. सीनियर आधी तोच तक्ता उघडतात, त्यामुळे वेळ कमी असेल तर साखळ्या आखूड करा, तक्त्याला हात लावू नका.